फरशीवरचे फराटे

संध्याकाळचं तिरपं ऊन हॉलमध्ये शिरलं की फरशीचं खरं रूप दिसतं. सकाळी ट्यूबलाइटखाली ठीकठाक वाटलेल्या विट्रिफाइड टाइल्सवर धुरकट फराटे उमटलेले असतात. मॉप जसा फिरला तसेच वळलेले आणि मधूनमधून अनवाणी पावलांचे ठसे. फरशी नीट पुसली गेली नाही, असं घरातल्या कर्त्या बाईला वाटतं. दुसऱ्या दिवशी बादलीत फ्लोअर क्लीनरचं एक झाकण जास्त पडतं, कामाला येणाऱ्या मावशींना दोन शब्द ऐकवले जातात आणि आठवड्याभरात फराटे आणखी ठळक होतात. मग बाटली बदलते, वास बदलतो, फराटे तेच राहतात.

याचं कारण साधं आहे. हा धूसर थर बहुतेक वेळा मळाचा नसतोच, तो वाळलेल्या क्लीनरचा असतो. त्यामुळे त्यावर आणखी क्लीनर ओतणं म्हणजे थरावर थर चढवणं.

बाटलीतल्या द्रवात पाण्याखेरीज मळ सोडवणारे साबणासारखे घटक, जंतुनाशक, सुगंधी तेल आणि रंग असतो. फरशी वाळते म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. बाकीचं बरंचसं जागच्या जागी राहतं. ताट घासल्यावर आपण ते नळाखाली धरतो, पण फरशी मात्र साबणाच्या पाण्याने पुसून तशीच वाळू देतो. क्लीनर मापात असेल तर उरलेला थर इतका पातळ असतो की डोळ्यांना कळत नाही. अर्ध्या बादलीत चार झाकणं गेली, तर तो कळण्याइतका जाड होतो.

जुन्या घरांत हा प्रकार सहसा दिसत नसे. शहाबादी फरशी किंवा मोझॅक थोडंफार पाणी पिते, आणि तिचा पृष्ठभाग मुळातच इतका आरशासारखा नसतो की पातळ थर उठून दिसावा. विट्रिफाइड टाइल मात्र बाराशे अंशांच्या आसपास भाजून काचेसारखी घट्ट केलेली असते. तिची पाणी शोषण्याची क्षमता वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. वर पडलेलं सगळं वरच राहतं. शिवाय पॉलिश केलेल्या सपाट पृष्ठभागावरून उजेड सरळ परततो म्हणून ती चकाकते. वर असमान थर आला की तोच उजेड वाटेल तसा विखुरतो आणि आपल्याला धुरकटपणा दिसतो. गडद रंगाच्या टाइल्सवर तो जास्तच खुपतो.

वाळलेला थर किंचित चिकट असतो, ही दुसरी अडचण. धूळ, पायांचं तेल, स्वयंपाकघरातून तरंगत आलेला फोडणीचा धूर, सगळं त्यावर बसतं. म्हणून अशी फरशी पुसल्यावर दोन तासांत पुन्हा मळकी दिसते आणि क्लीनरची मात्रा पुन्हा वाढते.

पाण्यात आणखी काय काय पडतं, तेही बघायला हवं. पुष्कळ घरांत लादी पुसायच्या पाण्यात मूठभर खडे मीठ टाकतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, पण मीठ पाण्याबरोबर उडून जात नाही. ते फरशीवरच सुकतं आणि पांढुरकी झाक सोडतं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी आपल्यातले क्षार तसेच सोडून जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फ्लोअर क्लीनरच्या जोडीला चमचाभर कपड्यांची पावडर. जंतुनाशक क्लीनरच्या लेबलवर अनेकदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नाव सापडतं. त्याच्या कणांवर धन विद्युतभार असतो, तर कपड्यांच्या पावडरीतल्या मुख्य घटकावर ऋण. दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. जंतू मारायची ताकद कमी होते, फरशी धूसर होते, आणि दोन्ही वस्तूंचे पैसे गेलेले असतात.

काही ओतण्याआधी फराटे कशाचे आहेत ते ओळखायला हवं. दाराआड किंवा सोफ्याखाली असेल अशी एकच टाइल निवडा. तिच्यावर थोडं गरम पाणी टाकून बोटाने चोळा. बोट सुळसुळीत घसरलं, पाण्याला बारीक फेस आला, तर क्लीनर साचला आहे. खात्रीसाठी तीच टाइल नुसत्या गरम पाण्याने दोनदा पुसा, दर वेळी स्वच्छ फडकं घ्या आणि शेवटी कोरड्या कपड्याने लगेच टिपून घ्या. शेजारच्या टाइलपेक्षा ती लख्ख दिसली, तर रोगही कळला आणि औषधही. फरक पडला नाही, तर क्षारांचा किंवा नव्या घरात फटी भरताना पसरलेल्या सिमेंटचा थर असू शकतो. त्याकडे पुढे येऊ.

आता काम कसं करायचं ते एका हॉलवरून सांगते. पुण्यातला फ्लॅट, बारा बाय पंधरा फुटांचा हॉल, दोन बाय दोनच्या फिकट पॉलिश्ड टाइल्स, म्हणजे साधारण पंचेचाळीस नग. इमारतीला बोअरचं पाणी. पुसायला स्पिन मॉप आणि त्याच्या पाच लिटरच्या बादलीत रोज अंदाजाने एक धार क्लीनर. ती धार मोजून पाहिली तर चार झाकणं भरली. बाटलीवर मात्र तेवढ्याच पाण्याला एक झाकण लिहिलेलं.

आधी फरशी कोरडी झाडून घेतली. केर आणि केस राहिले तर ओल्या फडक्याखाली त्यांचा चिखल होतो. पंखा बंद केला, उन्हाच्या बाजूचा पडदा ओढला. पाणी लवकर वाळलं की सुटलेला साबण उचलला जाण्याआधीच पुन्हा खाली बसतो, म्हणून हे दोन्ही गरजेचं. एका बादलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी घेतलं, त्यात काहीही टाकलं नाही. दुसऱ्या बादलीत गार पाणी, फक्त फडकं पिळायला. हॉलमध्ये पाण्याला वाट नसते, त्यामुळे बादली ओतून धुण्याचा मोह टाळावा लागतो. पाणी स्कर्टिंगच्या आत आणि लाकडी चौकटीच्या पायात मुरतं.

एका वेळी सहा टाइल्स घेतल्या. गरम पाण्याचं भरपूर ओलं मायक्रोफायबर फडकं त्यांवर फिरवलं आणि तीन-चार मिनिटं तसंच राहू दिलं. वाळलेला साबण पुन्हा विरघळायला तेवढा वेळ लागतो, आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते. मग चोळून, दुसऱ्या फडक्याने ते पाणी टिपून उचललं आणि फडकं गार पाण्याच्या बादलीत पिळलं. ज्या पाण्यात क्लीनरचा थेंबही नव्हता, त्यात पांढरा फेस तरंगू लागला. तो सगळा गेल्या काही महिन्यांचा.

फेस दिसला की पिळायचं पाणी बदलायचं. नाहीतर तोच साबण पुढच्या टाइलवर पसरतो. स्पिन मॉपची खरी अडचण इथे आहे. तो पिळला जातो उत्तम, पण बुडतो मात्र पुन्हा त्याच एका बादलीत. शेवटी प्रत्येक पट्टा कोरड्या मायक्रोफायबरने पुसून घेतला. ही फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नये, कारण तोही धाग्यांत राहतो आणि फरशीवर उतरतो.

पहिल्या फेरीनंतर हॉलचा मोठा भाग उजळला, पण पावलं अजून उमटत होती. दुसऱ्या दिवशी हीच फेरी पुन्हा केल्यावर पिळलेल्या पाण्याला फेस आला नाही. काम झाल्याची खूण तीच. फेस येतोय तोवर चकाकीची वाट पाहू नये.

स्वयंपाकघराच्या दाराजवळचा एक पट्टा मात्र तरीही पांढुरका राहिला. तिथे रोज माठाचं आणि फिल्टरचं पाणी सांडत असे, म्हणजे तो क्षारांचा थर. त्यासाठी पाच लिटर पाण्यात अर्धी वाटी साधं पांढरं व्हिनेगर घेतलं, दोन मिनिटं राहू दिलं, पुसलं आणि लगेच साध्या पाण्याने दोनदा पुसून काढलं. पट्टा गेला. फटींमधल्या सिमेंटवर आम्ल फार वेळ राहू देऊ नये, म्हणून एवढी घाई.

व्हिनेगर टाइलला चालतं, पण तिच्या शेजाऱ्यांना नाही. आपल्या घरांत उंबरठा, खिडकीची बैठक, ओट्याखालचे कप्पे पुष्कळदा कडप्पा, कोटा किंवा संगमरवराचे असतात. हे चुनखडीच्या कुळातले दगड. व्हिनेगरसारखं सौम्य आम्लही त्यांची झिलई खातं आणि तिथे कायमचा निस्तेज डाग पडतो. व्हिनेगर वापरताना तो भाग सोडून द्या. व्हिनेगरऐवजी लिंबू पिळायचा सल्लाही मिळतो, पण लिंबाच्या रसात साखर आणि गर असतो, म्हणजे पुन्हा चिकटपणा.

हार्डवेअरच्या दुकानातलं ॲसिड याला अजिबात आणू नये. ते फटींमधलं सिमेंट पोखरतं आणि त्याच्या वाफांनी नळ, कड्या, फ्रिजचे पाय गंजतात. ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर ब्लीचच्या पाण्यात मिसळला, तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. दारं-खिडक्या बंद असलेल्या फ्लॅटमध्ये तो जिवावर बेतू शकतो. तारेची घासणी आणि भांड्यांची खरखरीत पावडरही नको. तिने थर निघतो आणि सोबत पॉलिशही.

पुढे रोजचं पुसणं नुसत्या पाण्याने करावं आणि आठवड्यातून एक-दोनदा क्लीनर, लेबलवर लिहिलं आहे तेवढाच, झाकणाने मोजून. ओंजळीचा अंदाज नको. क्लीनर वापरलेल्या दिवशी शेवटी साध्या पाण्याचा एक हात फिरवला तर थर साचतच नाही. घरात रांगतं मूल असेल, तर हा हात चुकवू नये, कारण त्याचे तळवे तोंडात जातात. जंतुनाशकाला मात्र ओलं राहायला थोडा वेळ द्यावा लागतो. लेबलवर तो वेळ दिलेला असतो, साधं पाणी त्यानंतर.

एवढं करूनही काही टाइल्स धूसर राहिल्या, तर ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही अवस्थांत त्या तिरप्या उजेडात बघा. गोल किंवा सरळ बारीक ओरखडे दिसत असतील, तर रेतीने, खुर्च्यांच्या पायांनी किंवा घासणीने पॉलिशच झिजलं आहे. असं बहुधा दाराजवळ आणि जेवणाच्या टेबलाखाली होतं. ते कुठल्याही द्रवाने परत येत नाही. दुकानदार त्यावर ‘टाइल शायनर’ची बाटली देईल. ती घेऊ नका. ती फरशीवर प्लॅस्टिकसारखा नवा थर चढवते, तो काही महिन्यांत पिवळट होऊन सुटायला लागतो, आणि तो काढणं क्लीनरच्या थरापेक्षा कितीतरी कठीण असतं.