मालवणला उतरणारा उतारू

भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला पोहोचायची. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं जुन्या चाकरमान्यांच्या तोंडी आजही आहेत. पणजीच्या उतारूला रात्रभर झोपता येई. खरी कसोटी मालवणच्या उतारूची, कारण त्याचं बंदर रात्री येई आणि तिथे बोट धक्क्याला लागतच नसे.

त्याची तयारी मुंबईतच सुरू व्हायची. धक्क्यावरून बोटीवर टाकलेल्या शिडीपाशी रेटारेटी असे, कारण डेकच्या तिकिटावर जागेचा नंबर नसायचा. ज्याची सतरंजी आधी पसरली, त्याची जागा. म्हणून हलकं सामान घेतलेला तरणा माणूस पुढे जाई आणि बायकामुलं, ट्रंका मागून येत. जाणता माणूस जागा धरायचा ती बोटीच्या मध्यावर. नाळेकडे बोट वरखाली आपटते, मध्यावर ती कमी हलते. ज्यांना बोट लागते त्यांना हा फरक पहिल्या तासाभरातच कळे. खालच्या डेकवर इंजिनाचा उकाडा आणि तेलाचा वास, त्यामुळे तिथे पोट लवकर ढवळायचं.

दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला. रत्नागिरीनंतर विजयदुर्ग, देवगड आणि मग मालवण. पण नांगर किती वेळा पडला हे मोजून भागत नसे, कारण प्रत्येक बोट प्रत्येक बंदर घेईच असं नसे. म्हणून बोटीवर चढतानाच खलाशाला विचारून ठेवायचं आणि देवगड सुटलं की वळकटी बांधायची. इंजिनाचा आवाज मंदावला, भोंगा झाला, साखळदंड खडखडत खाली गेला, की अंधारातून पडावांचे कंदील हलत येताना दिसत.

मालवणसमोर खडक फार, म्हणून बोट दूर उभी राही. उतरायचं ते हलत्या शिडीवरून हलत्या पडावात. लाट पडावाला वर उचलते तेव्हा तो शिडीच्या पायरीशी येतो, आणि पाय टाकायचा तो त्याच क्षणी. पडाव खाली जाताना पाऊल टाकलं तर माणूस पुरुषभर खाली कोसळे किंवा दोहोंच्या फटीत सापडे. दोन्ही हात मोकळे ठेवायचे, मूल आधी तांडेलाच्या हाती द्यायचं, सामान शेवटी. सगळ्यांनी एकाच कठड्याशी जमायचं नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर या सूचनेचा अर्थ कोकणात कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

पावसाळ्यात मालवण-पणजीची वाहतूक बंदच असे. १९८०च्या दशकाअखेर ती थांबली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि मालवणचा उतारू आता कुडाळला उतरतो.