गोधडी काय थांबवते, काय नाही

माजी मालगुजारी तलावांवर केलेल्या तीन मिनिटांच्या चित्रफितीसाठी मला निवेदन द्यायचं होतं. भंडाऱ्यातली आमची खोली दहा बाय बारा फुटांची. वर स्लॅब, खाली टाइल्स, भिंतींना गुळगुळीत पुट्टी. फोन टेबलावर ठेवला, हातभर अंतरावर बसलो आणि वाचलं. ऐकून पाहिलं तर विहिरीच्या काठावर उभं राहून बोलल्यासारखा आवाज. लगेच सल्ला मिळाला, "फोनचा माइक हलका असतो, चांगला माइक घेऊन ये."

पैसे घालवायला लावणारा हा गैरसमज आधी दूर करायला हवा. बोलण्याचा आवाज टिपण्यापुरता आजच्या साध्या फोनचा माइक चांगला असतो. त्याची अडचण वेगळी आहे. तो चारी बाजूंचं जवळपास सारखंच ऐकतो. तोंडातून निघालेला आवाज थेट त्याच्यापर्यंत पोचतो, आणि तोच आवाज समोरच्या भिंतीवर आपटून पुन्हा येतो. आमच्या खोलीत भिंतीपर्यंत जाऊन परत यायला सहा मीटर, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. इतक्या कमी वेळात आलेला प्रतिध्वनी सुटा ऐकू येत नाही, मूळ शब्दाला चिकटतो आणि शब्द घुमतो. त्याच खोलीत, तेवढ्याच अंतरावर महागडा माइक ठेवला तरी हे घुमणं तोही टिपणारच.

खरा फरक अंतराने पडतो. फोन हातभर, म्हणजे साधारण 60 सेंटिमीटरवरून 15 सेंटिमीटरवर आणला, तर थेट आवाज सुमारे 12 डेसिबलने वाढतो. खोलीचं घुमणं मात्र होतं तेवढंच राहतं. एकही कापड न टांगता तेच वाक्य या दोन अंतरांवरून बोलून बघा आणि इयरफोन लावून शब्द संपल्यानंतरचा क्षण ऐका. दुरून बोललेल्या ‘तलाव’ला शेपूट असते, जवळच्याला ती जेमतेम उरते.

पण जवळ जायचं म्हणजे फोन ओठांसमोर धरायचा नाही. भंडारा हा शब्दच इथे परीक्षा घेतो. तळहात तोंडासमोर चार बोटांवर धरा आणि ‘भंडारा’ म्हणा. ‘भ’बरोबर हवेचा झोत हातावर लागेल. आता हात गालाच्या बाजूला, ओठांच्या कोपऱ्याशी न्या आणि पुन्हा म्हणा. आवाज तोच, झोत नाही. फोनची जागा तीच. आमच्या निवेदनात धान, बांधी, पाथर, भात, फूट असे महाप्राण पावलोपावली होते. समोरून बोललेल्या पहिल्या प्रयत्नात प्रत्येक ‘भ’ आणि ‘फ’वर इयरफोनमध्ये धप्प असा दणका बसत होता. हा दणका म्हणजे माइकच्या भोकावर आदळलेली हवा, आणि तो नंतर नीट काढता येत नाही. फोन तोंडापासून तिरपा, बहुतेक फोनांत चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो तो माइक ओठांच्या कोपऱ्याकडे, अंतर चार ते आठ बोटं, एवढं जमलं की दणका गेला.

याच्याबरोबर आणखी एक समजूत चालत येते, की माइकला चिकटून बोललं की आवाज आपोआप रेडिओवरच्या निवेदकासारखा भारदस्त होतो. जवळ गेल्यावर खर्ज वाढतो तो स्टुडिओतल्या, एकाच दिशेने ऐकणाऱ्या माइकमध्ये. फोनच्या सर्व बाजूंनी ऐकणाऱ्या माइकमध्ये तसं होत नाही. उगाच आवाज घोगरा करून बोलू नये, आपला आहे तो आवाज ठेवावा.

आता कापडाकडे. गोधडी टांगली की ट्रकचा हॉर्न येणार नाही, असं पुष्कळांना वाटतं. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं, म्हणजे विटांची भिंत, जाड दार, बंद फटी. गोधडीत ते नाही. आमच्याकडची मातीच्या भिंतींची, कवेलूंची जुनी घरं घुमतात कमी, पण कवेलूंच्या फटींतून बाहेरचं सारं आत घेतात, तिथे कितीही गोधड्या टांगल्या तरी कोंबडा ऐकू येतोच. गोधडीचं काम खोलीतला आवाज भिंतीपर्यंत जाऊ न देणं आणि गेलेला परत येऊ न देणं, इतकंच. बाहेरच्या आवाजावर उपाय वेळेचा. मी पहाटे साडेचारला बसलो, पंखा बंद, कूलरचे दिवस नव्हतेच, राइस मिलही सुरू झालेली नव्हती. मे महिन्यात कूलर बंद ठेवून दहा मिनिटं बसवतं, त्याहून जास्त नाही, म्हणून निवेदन तुकड्या-तुकड्यांत वाचावं लागतं.

जाडी महत्त्वाची. चादर किंवा साडी फक्त अगदी वरचे, ‘स’सारखे आवाज शोषते, मधला घुमारा तसाच ठेवते. चादरींचा तंबू करून आत शिरलेल्याचा आवाज मग डब्यातून आल्यासारखा होतो. मी कापसाची गादी फोनच्या मागे खाटेला टेकवून उभी केली, भिंतीपासून हातभर पुढे, कारण मागे मोकळी जागा असली की तीच गादी जाड असल्यासारखी काम करते. माझ्या पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या दुमडून टाकल्या. टेबलावर घडी घातलेला टॉवेल, त्यावर उशी, उशीवर फोन. टेबल उघडं ठेवलं असतं तर त्याच्यावरून परतणारा आवाज थेट आवाजात मिसळून तो पोकळ झाला असता. छत तेवढं राहिलं, म्हणून डोक्यावर दुलई ताणली. यानंतर टाळी वाजवली तेव्हा ‘टण्ण’ असा उमटायचा तो नाद गेला, सुकी थाप उरली.

अंड्यांच्या ट्रेचा उल्लेख करायलाच हवा, कारण ते भिंतीला चिकटवलेले मी पाहिलेत. पातळ पुठ्ठा आवाज फारसा शोषत नाही, आकार खडबडीत असला तरी. एका जुन्या रजईचं काम त्या सगळ्या भिंतीकडून होणार नाही. लोखंडी कपाटही समोर नको, पत्रा झंकारतो. कपड्यांनी भरलेलं लाकडी कपाट मात्र उघडून त्यात तोंड घालून बोललं तर उपयोगी पडतं.

शेवटचा गैरसमज अ‍ॅपचा. आवाज नंतर साफ करता येतो, म्हणून पंखा चालू ठेवला तर? गोंगाट काढणारी अ‍ॅप्स सपाट, सतत चालणाऱ्या आवाजावर थोडीफार चालतात. पण ‘स’, ‘श’, ‘ह’ हेही स्वभावाने फुसफुसाटच, तेही त्याच्याबरोबर खाल्ले जातात आणि शब्दांच्या कडा पाण्याखालून आल्यासारख्या होतात. आमच्या झाडीबोलीत ‘श’च्या जागी ‘स’, ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. निवेदनात शेतकऱ्यांचं बोलणं तसंच ठेवायचं तर हे बारीक फरक ऐकू यायलाच हवेत, म्हणून माझ्या मते पंखा बंद करणं हाच खरा उपाय आहे.

चौथ्या प्रयत्नात निवेदन जमलं. फक्त एका वाक्यात मंदिराची घंटा आली. ते वाक्य दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं, आणि जोडल्यावर वेगळ्या माणसाचं वाटलं, कारण फोन मी वीतभर मागे ठेवला होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, या वेळी कानाच्या पाळीपासून फोनपर्यंतचं अंतर दोऱ्याने मोजून, दोऱ्याला गाठ मारून. गाठ जुळली तेव्हा जोडही जुळला. फाइल पाठवताना ती व्हॉइस नोट म्हणून पाठवली नाही, कारण त्यात आवाज फार दाबला जातो. WAV फाइल Document म्हणून पाठवली.