पासबुकातले २३६ रुपये कशाचे?

पासबुकात कधीकधी नुसतीच '२३६.००' अशी वजावट दिसते, सोबत न कळणारी दोन-चार अक्षरे. अशा रकमेला आधी १.१८ने भागून पाहावे. उत्तर पूर्ण २०० आले, तर ते बहुधा शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी असतो. वर्षातून एकदाच दिसत असेल, तर डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क. दर तिमाहीला १७.७० कापले जात असतील, तर ते १५ रुपये एसएमएसचे असण्याची शक्यता मोठी.

हा अंदाज झाला. खुलासा बँकेनेच द्यायला हवा. शाखेत तोंडी विचारून भागत नाही. तारीख, रक्कम आणि नोंदीतली अक्षरे लिहून लेखी अर्ज द्या, पोच किंवा तक्रार क्रमांक घ्या. शुल्कपत्रकातल्या कोणत्या बाबीखाली ही रक्कम घेतली, एवढे नेमके विचारा.

परतावा मागायला मात्र कारण लागते. कार्ड घेतलेच नव्हते किंवा आधीच बंद केले होते, हे भक्कम कारण. खाते मूलभूत बचत प्रकारचे असेल, तर कार्डाचे वार्षिक शुल्क लावताच येत नाही. एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष वापरानुसार घ्यावेत, असे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्ये बजावले आहे. म्हणून संदेशांची संख्या मागा. कार्ड वापरात असेल आणि दर आधी कळवलेला असेल, तर मात्र परताव्याचा हक्क सांगता येत नाही.

३० दिवसांत उत्तर आले नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करा. तिला शुल्क नाही.