नाव खोडलं तरी माणूस ओळखू येतो

मांडवीच्या किनाऱ्यालगत एखाद्या हॉटेलात दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील, तर महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यानुसार तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणच्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात. समितीने दरवर्षी मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला अहवाल द्यायचा असतो. त्याचा गोषवारा इतरांसाठी काढताना खरी अडचण सुरू होते.

गैरसमज: नावं वगळली की गोपनीयता पाळली.

वस्तुस्थिती: समजा, हॉटेलात चौदा कर्मचारी आहेत आणि त्यांत बायका तीनच, दोन स्वयंपाकघरात आणि एक स्वागतकक्षात. गोषवाऱ्यात लिहिलं, ‘ऑगस्टमध्ये स्वागतकक्षातून तक्रार, पर्यवेक्षकाची बदली.’ नाव कुठेच नाही, पण मांडवीत कोणालाही ती बाई आणि तो पर्यवेक्षक लगेच कळतील. महिना, विभाग आणि शिक्षा एकाच ओळीत आली, की ती ओळखच होते. कलम 16 तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदार या सगळ्यांची ओळख जपतं. चौकशीतला मजकूर, शिफारशी आणि झालेली कारवाईही जाहीर करता येत नाही. म्हणून इथे ‘आलेल्या 1, निकाली 1, नव्वद दिवसांहून जास्त प्रलंबित 0’ एवढंच पुरे. कारवाईचं स्वरूप जिल्हा अधिकाऱ्याकडे जाणाऱ्या अहवालात द्यावंच लागतं; ते सूचनाफलकावर नको.

प्रकारवारी द्यायची तर अनेक आस्थापनांची बेरीज करून द्यावी. तिथेही वजाबाकी घात करते. समजा, एकूण तक्रारी 7: अश्लील शेरे 4, मोबाइलवरचे संदेश 2, अंगलगट 1. फक्त शेवटचा आकडा झाकला, तर सातातून सहा वजा करून तो कुणीही काढेल. शेवटचे दोन प्रकार एकत्र करून ‘इतर 3’ लिहावं. मागच्या वर्षीचा गोषवाराही शेजारी ठेवून पाहावा. तिथे प्रलंबित एकच तक्रार होती आणि यंदा तेवढी एकच निकाली दिसली, तर तिचा निकाल सांगणं म्हणजे ती कोणाची हेही सांगणं.

गैरसमज: ‘निकाली’ म्हणजे आरोप सिद्ध झाला.

वस्तुस्थिती: सलोखा झालेली, सिद्ध न झालेली आणि सिद्ध होऊन कारवाई झालेली, अशा तिन्ही तक्रारी निकालीच असतात. आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी होती, असंही कायदा मानत नाही. निकाली तक्रारी आलेल्यांपेक्षा जास्त दिसल्या तर दचकू नये. मागच्या वर्षीच्या शिल्लक तक्रारी त्यांत असतात. म्हणून ‘वर्षारंभी प्रलंबित’ हा रकाना आधी लिहावा.

समितीतल्या बाहेरच्या सदस्याने गोषवारा वाचताना एकच गोष्ट तपासावी: मांडवीतला माणूस यातून कुणाला ओळखेल का? शंका आली तर तो रकाना काढून टाका.