कॉफी आणि कर्करोग: एका अभ्यासातले तीन चकवे

१९८१ साली हार्वर्डचे ब्रायन मॅकमेहन आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्या ३६९ जणांच्या सवयींची तुलना इतर आजारांच्या ६४४ रुग्णांशी केली. दिवसाला तीन किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांत हा कर्करोग कॉफी न पिणाऱ्यांच्या २.७ पट दिसला. एवढा मोठा आकडा खोटा कसा ठरू शकतो?

पहिली शंका सिगारेटची. धूम्रपानाने हा कर्करोग होतो आणि धूम्रपान करणारे कॉफीही जास्त पितात. मग दोष सिगारेटचा आणि आळ कॉफीवर, असे होऊ शकते. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. समजा, धूम्रपान करणाऱ्यांत ८० टक्के आणि न करणाऱ्यांत ४० टक्के लोक कॉफी पितात. शंभर कर्करुग्णांत ६० आणि शंभर इतरांत ३० जण धूम्रपान करणारे असतील, तर कॉफी पिणारे अनुक्रमे ६४ आणि ५२ भरतात. कॉफी निर्दोष असूनही फरक दिसतो. धूम्रपान करणारे आणि न करणारे वेगळे काढून तुलना केली की तो नाहीसा होतो. मॅकमेहन यांनी धूम्रपानाचा हिशेब धरला होता, तरी संबंध उरलाच. अर्थात ज्या घटकाची नोंदच नाही, त्याचा असा हिशेब करता येत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडले तर तोही दोन्हीकडे साधारण सारखा वाटला जातो, पण कर्करोगाच्या शंकेपोटी कोणाला वर्षानुवर्षे कॉफी पाजणे शक्य नव्हते.

खरी गोम तुलनेच्या गटात होती. तो बव्हंशी त्याच डॉक्टरांच्या इतर रुग्णांचा होता आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पोटाचे विकार होते. असे लोक त्रासामुळे किंवा सल्ल्याने कॉफी कमी करतात. त्यामुळे तुलनेचा गटच सर्वसामान्यांपेक्षा कमी कॉफी पिणारा निघाला आणि कर्करुग्णांची कॉफी जास्त भासली. हा सिलेक्शन बायस, म्हणजे निवडदोष. गणिताने तो सहसा धुऊन निघत नाही, निवडीच्या वेळीच टाळावा लागतो. ज्या वस्तीतून कर्करुग्ण आले, तिथलेच लोक घ्यावेत आणि कॉफीशी संबंध असलेले आजार वगळावेत.

मग निरोगी लोकच का घेऊ नयेत? कारण तिथे रिकॉल बायस, म्हणजे स्मरणदोष, आडवा येतो. गंभीर आजार झालेला माणूस ‘हे कशामुळे झाले’ या विचाराने आपल्या सवयी खोदून आठवतो, निरोग्याला तशी निकड नसते. इतर रुग्णांशी तुलना केल्याने हा दोष कमी होतो, पण निवडदोष बळावू शकतो. प्रश्नावली सर्वांना एकच असावी आणि विचारणाऱ्याला समोरचा कोणत्या गटातला हे शक्यतो ठाऊक नसावे. सर्वांत भक्कम उपाय म्हणजे निरोगी असतानाच सवयी नोंदवून पुढे वर्षानुवर्षे पाहणे. मात्र हा कर्करोग विरळा, म्हणून त्यासाठी हजारो माणसे लागतात.

१९८६ साली याच गटाने नव्या रुग्णांवर पुन्हा अभ्यास केला, तेव्हा पूर्वीइतका ठळक संबंध आढळला नाही.