विमानात आणि जहाजावर फोनला रेंज येते कुठून?

मुंबईहून दुबईला लेकीकडे निघालेल्या एका काकूंचं उदाहरण घेऊ. निघण्याआधी मुलानं त्यांच्या पोस्टपेड नंबरवर यूएईचं रोमिंग पॅक घेतलं आणि फोनमध्ये डेटा रोमिंगही चालू करून ठेवलं, म्हणजे उतरल्या उतरल्या व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता येईल. विमानात बसल्यावर फोन पर्समध्ये गेला आणि फ्लाइट मोड लावायचा राहून गेला. पुढच्या महिन्यात हजारो रुपयांचं बिल येण्यासाठी एवढं पुरेसं आहे.

“वर आकाशात कुठला आलाय टॉवर?” हा पहिला गैरसमज. जमिनीवरच्या टॉवरपुरतं ते खरं आहे. पण लांब पल्ल्याच्या अनेक विमानांत केबिनमध्येच एक छोटा, कमी ताकदीचा टॉवर बसवलेला असतो. काकूंचा फोन उपग्रहाशी बोलतच नाही, तो काही मीटरवरच्या या टॉवरशी बोलतो. तिथून पुढे विमानाच्या पाठीवरच्या अँटेनातून संदेश उपग्रहाकडे आणि उपग्रहाकडून जमिनीवरच्या केंद्राकडे जातो. एमिरेट्सनं ही सोय २००८ मध्येच सुरू केली. भारतीय हद्दीत ती वापरायला परवानगी देणारे नियम डिसेंबर २०१८ मध्ये आले. त्यानुसार विमान ३,००० मीटरच्या वर गेलं की सेवा देता येते, म्हणजे उड्डाणानंतर काही मिनिटांतच.

फोन आपणहून त्या टॉवरला का जोडला जातो, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्या कंपनीचा सिग्नल मिळेना झाला की फोन दुसरं नेटवर्क शोधू लागतो. आधी सिमकार्डात कंपनीनं घालून दिलेली पसंतीची यादी बघतो, त्यातलं काही सापडलं नाही तर मिळेल ते चांगल्या ताकदीचं नेटवर्क घेतो. सिग्नलमध्ये नेटवर्कची ओळख असते, दर नसतो. त्यामुळे महाग-स्वस्त हा फरक फोनला कळायला मार्गच नाही. विमानातलं नेटवर्क मग काकूंच्या कंपनीला विचारतं, हा ग्राहक तुमचा का, आणि त्याला रोमिंगची परवानगी आहे का? उत्तर ‘हो’ येतं, कारण मुलानंच तर रोमिंग चालू केलेलं असतं. ते बंद असतं, तर इथेच नकार आला असता.

“पण पॅक घेतलं होतं ना?” सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. प्रत्येक मोबाईल नेटवर्कला एक क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारतातली नेटवर्कं ४०४ किंवा ४०५ने सुरू होतात, यूएईची ४२४ने. विमानातलं आणि जहाजावरचं नेटवर्क सहसा ९०१ने सुरू होतं, आणि ९०१ कुठल्याच देशाचा नाही. विमान अरबी समुद्रावर असो की थेट दुबईच्या माथ्यावर, काकूंचा फोन यूएईत ‘पोहोचलेला’ नसतोच. देशांच्या यादीवर चालणारं पॅक तिथे लागू होत नाही आणि डेटा सुट्या दरानं मोजला जातो. हा दर चढा असतो, कारण उपग्रहावरची जागा मोजकी आणि महाग असते, आणि उपग्रहवाले, विमानातलं नेटवर्क चालवणारे व आपली कंपनी असे बरेच वाटेकरी मध्ये असतात.

“फोन तर पर्समध्येच होता, मी काही वापरलंच नाही,” असंही काकू म्हणतील, आणि त्या खरंच बोलत असतील. पण फोन मालकिणीची वाट बघत बसत नाही. समजा विमानतळावर नातवंडांचे वीस फोटो काढले होते, प्रत्येकी ३ एमबीचे, आणि क्लाउडवरचा बॅकअप मोबाईल डेटावर चालू ठेवलेला होता. ते झाले ६० एमबी. व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आलेली छायाचित्रं, ई-मेल आणि एखादं अ‍ॅप अपडेट यांचे मिळून आणखी १२ धरू. हिशेबापुरता एका एमबीला ५०० रुपये दर मानला, तर ७२ एमबीचे ३६,००० रुपये होतात. प्रत्यक्ष दर कंपनीगणिक वेगळा असतो आणि उपग्रहावरचा वेग कमी असल्यामुळे सगळं वर चढेलच असंही नाही. पण व्हिडिओ कॉल नव्हे, नुसते फोटोही एवढी मजल मारू शकतात.

ज्यांना विमानात खरंच मोबाईल हवा असतो त्यांच्यासाठी भारतीय कंपन्यांची वेगळी ‘इन-फ्लाइट’ पॅक आहेत. जिओ आणि एअरटेलनं १९५ रुपयांत २५० एमबीचं, २४ तासांचं पॅक दिलेलं आहे. दर बदलत राहतात आणि पॅक यादीतल्या विमान कंपन्यांपुरतंच चालतं, तेव्हा घेण्याआधी यादीत आपली विमान कंपनी आहे का ते बघावं.

जहाजावर धोका थोडा वेगळा आहे. तिथे प्रवास दिवसांचा असतो आणि फ्लाइट मोड लावायला सांगणारं कुणी नसतं. “किनारा दिसतोय म्हणजे आपलंच नेटवर्क असणार,” असं वाटतं. पण किनाऱ्यावरचा सिग्नल अशक्त झाला आणि जहाजावरचा टॉवर डोक्यावर असला, की फोन तिकडे सरकतो. बंदरात जहाजाचं नेटवर्क सहसा बंद ठेवतात. जहाज निघालं, किनारा मागे पडला की ते पुन्हा चालू होतं. म्हणून बंदर सोडतानाच फ्लाइट मोड लावायचा.

आणखी एक गैरसमज वाय-फायबद्दलचा. फ्लाइट मोड लावूनही वाय-फाय वेगळं चालू करता येतं. विमानाचं किंवा जहाजाचं वाय-फाय तुम्ही जेवढ्याला विकत घेता तेवढ्याचेच पैसे लागतात, मोबाईलच्या बिलाशी त्याचा संबंध नाही. फ्लाइट मोड न लावता वाय-फाय घेतलं, तर मात्र मोबाईलचा टॉवर मागे जोडलेलाच राहतो, आणि वाय-फाय तुटलं की फोन गुपचूप त्याच्याकडे वळतो.

“डेटा रोमिंग बंद केलं की झालं” हेही अर्धंच खरं. डेटा थांबतो, पण कॉल थांबत नाहीत. आलेला कॉल उचलला तरी मिनिटाचे पैसे पडू शकतात. शिवाय दोन सिम किंवा ई-सिम असेल तर प्रत्येकाचं रोमिंगचं बटण वेगळं असतं, ते दोन्हीकडे बघायला हवं. ओटीपीसाठी फोन चालू ठेवायची गरज वाटत असेल, तर बँकेची कामं निघण्याआधी उरकलेली बरी.

फोन अडकलाय हे ओळखायची खूण सोपी आहे. सिग्नलच्या दांड्यांजवळ आपल्या कंपनीऐवजी AeroMobile, OnAir, Cellular at Sea किंवा नुसतं 901 14 असं काही दिसतं, किंवा स्वागताचा एसएमएस येतो. दिसताक्षणी फ्लाइट मोड लावा आणि पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. बिल आलंच, तर कंपनीकडे प्रत्येक डेटा सत्राची वेळ, नेटवर्कचं नाव आणि एमबी असा तपशील लेखी मागा. पॅक विकताना ते विमानात किंवा जहाजावर चालत नाही हे सांगितलं होतं का, हा प्रश्न तक्रारीत स्पष्ट लिहा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. तक्रार केंद्रानं समाधान केलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं आणि त्यासाठी वेगळी फी लागत नाही.