दोन एकरांच्या चार पट्ट्या

आज आम्ही पिकांच्या फेरपालटाबद्दल बोलणार आहोत, आणि तेही हातात दोनच एकर कोरडवाहू असणाऱ्यांसाठी.

लातूर, धाराशिव, बीड या आपल्या पट्ट्यात आता कुठेही जा, पावसाळ्यात सोयाबीन आणि थंडीत हरभरा. दरवर्षी, त्याच रानात. गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं, असं का? उत्तर आलं, "ताई, दोन्ही शेंगांची पिकं, जमिनीला नत्र देतात. मग जमीन खराब कशी होईल?" हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घोटाळ्यात टाकतं.

शेंगांच्या पिकाच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला मिळवून देतात. पण त्यातला मोठा वाटा दाण्यात जातो आणि दाणा आपण बाजारात नेतो. त्यात हरभरा आपण मुळासकट उपटतो, भुसा जनावरांना घालतो किंवा विकतो. मग रानात राहिलं काय? गाठी काम करतात की नाही हेही बघता येतं. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी एक रोप मुळासकट खणून काढायचं आणि गाठ नखानं फोडायची. आतून लालसर, गुलाबी दिसली तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसती नावाची गाठ. बियाण्याला लावायचं रायझोबियमही पिकाप्रमाणे वेगळं असतं. सोयाबीनचं उरलेलं पाकीट हरभऱ्याला चालत नाही.

दुसरी गोष्ट मर रोगाची. हरभऱ्याची हिरवीगार झाडं अचानक माना टाकतात. पाण्याच्या ताणानं सुकलेलं झाड दुपारी मलूल होतं आणि सकाळी पुन्हा उभं राहतं. मर लागलेलं झाड उठत नाही. ते उपटून खोड उभं चिरलं, तर आत काळपट तपकिरी रेघ दिसते. ही बुरशी मातीत राहते, हरभरा नसतानाही काही वर्षं जिवंत राहते, आणि त्याच जागी दरवर्षी हरभरा आला की वाढत जाते. पहिल्या वर्षी दहा झाडं जातात, पुढे वाफाच्या वाफा रिकामा होतो. तेव्हा हरभऱ्याला त्या जागेपासून लांब ठेवणं हा या योजनेचा कणा आहे.

आता योजना. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. त्याच्या २० गुंठ्यांच्या चार पट्ट्या करायच्या. चार पट्ट्यांत चार जोड्या, आणि दरवर्षी प्रत्येक जोडी एक पट्टी पुढे सरकते.

एकच पट्टी धरून चालू. पहिल्या वर्षी जूनमध्ये मूग. मूग साठ-पासष्ट दिवसांत निघतो. शेंगा तोडून झाल्या की पाला रानातच वखरून टाकायचा. हा नत्राचा खरा ठेवा. मग सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रब्बी ज्वारी. २० गुंठ्यांना दोन किलो बियाणं पुरतं. दुसऱ्या वर्षी सोयाबीन आणि त्यामागे हरभरा, म्हणजे आपली नेहमीची जोडी. तिसऱ्या वर्षी बाजरी, नंतर करडई. या वर्षी शेंगांचं पीक नाही, म्हणून वर्षाचं सगळं शेणखत याच पट्टीला घालायचं. २० गुंठ्यांना दोन-अडीच बैलगाड्या लागतात. घरी एक म्हैस आणि दोन शेळ्या असतील तर दोन एकरांना पुरेल इतकं खत कधीच होत नाही, एका पट्टीला मात्र होतं. चार वर्षांत सगळं रान खताखालून निघतं. चौथ्या वर्षी सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन, असं आंतरपीक. तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असते, म्हणून त्या पट्टीत रब्बी नाही. तिची मुळं खोल जातात आणि पानगळ रानातच पडते.

म्हणजे हरभरा एका जागी चार वर्षांतून एकदाच येतो. तेवढ्यानं बुरशी पूर्ण मरत नाही, हे आम्ही आधीच सांगतो. म्हणून विजय, दिग्विजय किंवा जॅकी ९२१८ असं मर रोगाला दाद न देणारं वाण घ्यायचं आणि किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळायचा. आणि हरभरा उपटण्याऐवजी विळ्यानं कापायचा.

पैशाचं काय? गटातल्या एका मैत्रिणीसोबत आम्ही वहीत हिशेब मांडला. तिच्याकडे एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरलं, तर सगळ्या रानात सोळा क्विंटल. नव्या योजनेत एका पट्टीत चार आणि तुरीबरोबर अडीच, म्हणजे साडेसहाच. हा आकडा बघून तिच्या सासऱ्यांनी वही मिटली. खरं आहे, भाव चांगला असलेल्या वर्षी रोख पैसा कमी दिसणार. पण दुसरी बाजूही लिहावी लागते. ज्वारी दोन क्विंटल आली तर पाच माणसांच्या घराला पाच-एक महिने भाकरी पुरते, ती विकत आणावी लागत नाही. कडबा म्हशीला होतो. करडईचं तेल घाण्यावरून घरी येतं. आणि पैसा एकदम न येता मुगाचा सप्टेंबरात, सोयाबीनचा दिवाळीच्या सुमाराला, तुरीचा जानेवारीत, हरभऱ्याचा होळीच्या आसपास येतो. मधल्या महिन्यांत गटाचा हप्ता भरायला उसनं काढावं लागतं का, हे त्या हिशेबात धरलं की आकडे बदलतात. शेवटी त्या घरानं पहिल्या वर्षी फक्त दोन पट्ट्यांत फेरपालट करायचं ठरवलं, उरलेल्या एकरात सोयाबीन-हरभराच. आम्हाला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. घरातल्या सगळ्यांचं मन वळायला एक हंगाम लागतोच.

अडचण खरी येते ती पाखरांची. गावात कुणीच ज्वारी पेरत नाही आणि आपली एकटी २० गुंठ्यांची पट्टी दाण्यात आली, की सगळ्या शिवारातली पाखरं तिथेच उतरतात. गोफण घेऊन दिवसभर कोण उभं राहणार? बांधाला बांध लागून असलेल्या दोघी-तिघींनी ज्वारीच्या पट्ट्या एकमेकींना लागून येतील असा क्रम लावायचा, म्हणजे पाखरं विभागली जातात आणि राखण पाळीनं होते. मळणीयंत्रवालाही एका पोत्यासाठी येत नाही, तिघींचा माल एका जागी आणला की येतो.

आणि पाऊस लांबला तर? जुलैचा दुसरा आठवडा उजाडला तरी पेरणीजोगा पाऊस नसेल, तर मूग सोडून द्यायचा. ती पट्टी वखरून, तण काढून, ओल धरून ठेवायची आणि वेळेवर ज्वारी पेरायची. ओढूनताणून मूग पेरला तर तो उशिरा निघतो, ज्वारीला ओल उरत नाही, दोन्ही पिकं हातची जातात. जोडी मोडली म्हणून पुढचा क्रम मात्र बदलायचा नाही. वहीत रानाचा चौकोन काढून प्रत्येक पट्टीत त्या वर्षीची पिकं लिहायची, आणि मर लागलेली जागा तिथे फुलीनं दाखवायची. पुढच्या बैठकीला येताना ती वही सोबत आणा, ज्यांचे बांध लागून आहेत त्यांनी शेजारी बसा.